साखर न पचवणारं यीस्ट

पाव फुगवणाऱ्या यीस्टला ग्लुकोज मिळत असेल तर ते दुसऱ्या साखरेच्या वाटेला जात नाही. ग्लुकोज संपलं आणि समोर नुसती उसाची साखर, म्हणजे सुक्रोज, उरली की मात्र त्याला इन्व्हर्टेज नावाचं विकर तयार करावं लागतं. हे विकर सुक्रोजचे दोन तुकडे करतं आणि मग ते यीस्टला खाता येतात. त्याची कृती एसयूसी-२ या जनुकात असते. ग्लुकोज असेपर्यंत जनुक मिटलेलं, ते संपलं की उघडलेलं.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मॅरियन कार्लसन ही उघडझाप बिघडलेलं यीस्ट शोधत होत्या. सुक्रोजवर ज्याची वाढ होत नाही ते आपल्या कामाचं, इतकी साधी चाळणी. १९८४ साली त्यांनी अशा बिघाडांना कारणीभूत ठरणारी अनेक जनुकं मांडली आणि त्यांना एसएनएफ हे आडनाव दिलं. गंमत अशी, की या यीस्टमध्ये इन्व्हर्टेजचं जनुक शाबूत होतं. ते वाचलं जात नव्हतं, इतकंच.

त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये आयरा हर्स्कोविट्झ यांच्या प्रयोगशाळेतून भलत्याच विषयावरचं काम बाहेर आलं. यीस्टमध्ये नर-मादी नसले तरी ‘ए’ आणि ‘आल्फा’ असे दोन प्रकार असतात, आणि पेशी आपला प्रकार बदलू शकते. हा बदल ज्यांच्याविना अडतो त्या जनुकांना त्यांनी एसडब्ल्यूआय म्हटलं. पुढे ताडून पाहिलं तर एसडब्ल्यूआय-२ आणि एसएनएफ-२ ही एकाच जनुकाची दोन नावं निघाली. साखर पचवणं आणि जोडीदारासाठी प्रकार बदलणं यांचा एकमेकांशी काय संबंध? काहीच नाही. म्हणजे हे जनुक दोन्हींच्या मुळाशी असलेलं काहीतरी फार साधारण काम करत असणार.

ते काम कळायला डीएनए पेशीत कसा राहतो ते पाहावं लागतं. माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरतो आणि तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून लहान केंद्रकात मावतो. हिस्टोन नावाची आठ प्रथिनं मिळून एक चकती बनते. तिच्याभोवती डीएनएच्या १४७ जोड्या जेमतेम पावणेदोन वेढे घेतात. मग थोडा मोकळा डीएनए, मग पुढची चकती. या वेढे घेतलेल्या एककाला न्यूक्लिओसोम म्हणतात आणि या सगळ्या बांधणीला क्रोमॅटिन. आठ हिस्टोनांची ही कल्पना रॉजर कोर्नबर्ग यांनी १९७४ साली मांडली. बरीच वर्षं तिच्याकडे निव्वळ सामान बांधून ठेवण्याची सोय म्हणूनच पाहिलं गेलं.

त्या समजुतीला धक्का दिला तो हार्वर्डमध्ये फ्रेड विन्स्टन यांच्या प्रयोगशाळेनं, आणि मला विचाराल तर या साऱ्या कथेतला सर्वांत देखणा प्रयोग हाच. बिघडलेलं यीस्ट तसंच ठेवायचं आणि त्यात दुसरा कुठला बिघाड केला म्हणजे ते सुधारतं ते बघायचं. एसएनएफ-२ किंवा एसएनएफ-५ नसलेल्या यीस्टमध्ये हिस्टोन बनवणाऱ्या जनुकांची एक जोडी काढून टाकली, तेव्हा एसयूसी-२ पुन्हा वाचलं जाऊ लागलं. हिस्टोनांचा तोल बिघडला आणि अडलेलं काम चालू झालं. म्हणजे एसएनएफ प्रथिनांचं काम हिस्टोनांना बाजूला सारण्याचंच असणार.

पण शंका उरतेच. जनुक वाचलं जातं म्हणून तिथलं क्रोमॅटिन सैल होतं, की ते सैल होतं म्हणून जनुक वाचता येतं? यासाठी डीएनए कापणारं एक विकर वापरतात. न्यूक्लिओसोमवर गुंडाळलेला भाग त्याला सहज कापता येत नाही, उघडा भाग लगेच तुटतो. विन्स्टन यांच्या गटानं १९९२ साली असं यीस्ट तपासलं ज्यात एसयूसी-२ चा सुरुवातीचा भाग मुद्दाम मोडला होता आणि जनुक वाचलं जाणं शक्यच नव्हतं. तरीही तिथलं क्रोमॅटिन सैल झालेलं दिसलं. आधी जागा उघडते, वाचन नंतर.

१९९४ पर्यंत ही प्रथिनं शुद्ध रूपात हाती आली होती. एसडब्ल्यूआय आणि एसएनएफ मिळून डझनभर प्रथिनांचं एकच यंत्र बनतं आणि ते एटीपी जाळून चालतं. एटीपी नसेल तर ते ढिम्म. पुढच्या काळात त्याची चालही उलगडली. यंत्राचं इंजिन म्हणजे एसएनएफ-२. ते न्यूक्लिओसोमच्या मध्यापासून साधारण वीस जोड्या अलीकडे डीएनएला धरतं आणि एकेक-दोनदोन जोड्यांनी खेचत राहतं. लेंग्याची नाडी एका टोकानं ओढावी, नेफा जागीच राहावा आणि आतली नाडी पुढे सरकावी, तसं हिस्टोनांभोवतीचे वेढे न सोडता डीएनए सरकतो. आत दडलेला अनुक्रम बाहेर येतो आणि जनुक सुरू करणाऱ्या प्रथिनांना बसायला जागा मिळते. कधी हे यंत्र पुढची चकतीच उखडून टाकतं.

ओढताना चकती मात्र घट्ट धरून ठेवावी लागते, नाहीतर सगळंच फिरेल. हे धरण्याचं काम मोठ्या अंशी एसएनएफ-५ करतं. इंजिन चकतीच्या एका बाजूला, एसएनएफ-५ ची पकड दुसऱ्या बाजूला.

इथे यीस्टची गोष्ट माणसाकडे वळते. आपल्या पेशींतही हे यंत्र आहे आणि त्यातल्या एसएनएफ-५ चं जनुक बाविसाव्या गुणसूत्रावर आहे. १९९८ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं, की ऱ्हॅब्डॉइड ट्यूमर या तान्ह्या मुलांच्या मूत्रपिंडात, मेंदूत किंवा मऊ ऊतींत होणाऱ्या अतिशय आक्रमक गाठीत या जनुकाच्या दोन्ही प्रती गेलेल्या असतात. बहुतेक कर्करोगांत बिघडलेल्या जनुकांची मोठी यादी निघते. इथे मात्र या एका जनुकाखेरीज फारसं काही सापडत नाही.

त्यामुळे निदानही एका रंगावर होतं. गाठीचा पातळ काप घेऊन या प्रथिनाला चिकटणारं प्रतिद्रव्य लावतात आणि जिथे ते चिकटेल तिथे तपकिरी रंग आणतात. गाठीच्या पेशींची केंद्रकं निळीच राहतात, त्यांच्या मधून जाणाऱ्या रक्तवाहिन्यांची केंद्रकं तपकिरी होतात. पॅथॉलॉजिस्ट आधी या रक्तवाहिन्या बघतो, कारण त्याही निळ्या असतील तर दोष गाठीत नसून रंगवण्यात आहे.

प्रथिन परत घालता येत नाही, म्हणून उपचार आडवाटेनं शोधला गेला. एसडब्ल्यूआय-एसएनएफ यंत्र जिथे क्रोमॅटिन उघडतं तिथे ईझेडएच-२ हे विकर हिस्टोनांवर मिटवण्याची खूण लावत असतं. एक पक्ष गेला की दुसरा मोकाट सुटतो. त्याला आवरणारं टॅझेमेटोस्टॅट हे औषध अमेरिकेच्या औषध नियामकानं जानेवारी २०२० मध्ये एपिथेलिऑइड सार्कोमासाठी मान्य केलं. त्या कर्करोगातही बहुधा हेच प्रथिन नाहीसं झालेलं असतं. चाचणीतल्या ६२ रुग्णांपैकी ९ जणांची गाठ आकसली. प्रयोगशाळेतल्या तर्काच्या मानानं हा आकडा लहान आहे. त्याचं एक कारण समजण्यासारखं आहे. मिटवणारी खूण पुसली, तरी चकती धरून डीएनए ओढणारी पकड पेशीत परत येत नाही.