न्हाणीघरातला गुलाबी थर

साबणदाणीच्या तळाशी, दात घासायचे ब्रश ठेवायच्या भांड्यात, मोरीच्या जाळीभोवती आणि भिंत फरशीला जिथे मिळते त्या कोपऱ्यात एक गुलाबी थर धरतो. कधी तो नारिंगीकडे झुकतो. बोट लावलं की बुळबुळीत लागतो आणि पुसला की चटकन निघतोही. मग चार दिवसांनी तो पुन्हा हजर. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात बरीच वर्षं घालवली आहेत, त्यामुळे सोसायटीतले लोक असले डाग दाखवायला मला हक्कानं बोलावतात. आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो, "पाण्यातून काही येतंय का हो?"

हा पाण्याचा रंग नाही, साबणाचाही नाही. हा थर जिवंत आहे. बहुतेक वेळा तो 'सेराशिया मार्सेसेन्स' नावाच्या जिवाणूचा असतो. काही घरांत गुलाबी रंगाचे यीस्ट किंवा दुसरे जिवाणूही सापडतात, पण उपाय तोच आहे. हा जिवाणू मातीत, धुळीत, हवेत सगळीकडे असतो. त्याला लागतो फक्त ओलावा आणि थोडं खाणं. साबण, शाम्पू, टूथपेस्ट आणि आपल्या अंगाचा तेलकट मळ हे त्याचं खाणं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, पण पाणी भांड्यात साचून राहिलं की ते उडून जातं, आणि मग साबणदाणीतलं ते चमचाभर पाणी त्याला पुरेसं होतं.

या जिवाणूची हकिकत जुनी आहे. 1819 साली इटलीत, पादुआजवळच्या लेन्यारो गावात मक्याच्या पिठाच्या लापशीवर रक्तासारखे लाल डाग दिसू लागले आणि गावकरी घाबरले. बार्तोलोमेओ बिझिओ या औषधशास्त्रज्ञानं ओलसर, उबदार जागेत ठेवलेल्या लापशीवर तेच डाग मुद्दाम वाढवून दाखवले आणि हा चमत्कार नसून एक सजीव आहे असं सांगितलं. त्यानं दिलेल्या नावातल्या 'मार्सेसेन्स' या शब्दाचा अर्थ कोमेजणारा, विरून जाणारा. कारण तो लाल रंग लवकर उडून जात होता. हा उडणारा रंग लक्षात ठेवा, आपली सगळी फसगत तिथेच होते.

प्रयोगशाळेत मी विद्यार्थ्यांना एक गंमत दाखवत असे. एकाच जिवाणूच्या दोन बशा लावायच्या. एक साध्या खोलीत ठेवायची, दुसरी 37 अंशांच्या उबवण पेटीत. दुसऱ्या दिवशी खोलीतली बशी लालभडक, आणि पेटीतली पांढुरकी. जिवाणू तोच, वाढ दोन्हीकडे जोरात, पण गरमीत तो रंग तयार करत नाही. म्हणजे रंग ही नुसती पाटी आहे. पाटी नसली म्हणून घरात कोणी नाही असं होत नाही. बादलीच्या बुडाला, शाम्पूच्या बाटलीखाली जो बिनरंगी बुळबुळीतपणा लागतो, त्यातही असलेच जिवाणू असतात. म्हणून मी सांगतो, न्हाणीघर डोळ्यांनी तपासू नका, बोटानं तपासा.

तो बुळबुळीतपणा म्हणजे काय? जिवाणू पृष्ठभागाला चिकटले की स्वतःभोवती एक चिकट पदार्थ सोडतात आणि त्यात थरावर थर रचून राहतात. दातांवर सकाळी जो लेप लागतो, तोही याच जातीचा प्रकार. आता अशा थरावर तुम्ही वरून ब्लीच ओतलंत तर काय होतं? वरचा चिकट पदार्थ आणि साबणाचा मळ ब्लीचला खाऊन टाकतो. ते तळापर्यंत पोचायच्या आधीच त्याचा जोर संपतो. पण तेवढ्यात रंग मात्र उडालेला असतो! कोपरा पांढरा स्वच्छ दिसतो, आपण खूश होतो, आणि तळाला उरलेले जिवाणू आठवड्याच्या आत पुन्हा घर बांधतात.

आमच्याच इमारतीतलं एक उदाहरण सांगतो. पाच माणसांचं कुटुंब, पावसाळ्याचे दिवस, न्हाणीघराला एकच छोटी खिडकी आणि तीही बंद. वहिनींनी सोसायटीला सांगून टाकीसुद्धा धुऊन घेतली होती. दर रविवारी त्या कोपऱ्यात संडास धुवायचं ॲसिड टाकत. दोन-तीन दिवस बरं दिसे, की पुन्हा गुलाबी. मी पाहिलं तर फरशांच्या सांध्यातलं सिमेंट ॲसिडनं खाऊन खडबडीत झालं होतं. त्या बारीक खळग्यांत थराला आयतीच जागा मिळाली होती. ॲसिड या कामाला नकोच.

आम्ही क्रम बदलला. आधी घासायचं, मग मारायचं, मग वाळवायचं. सगळ्या बाटल्या, साबणदाणी, ब्रशचं भांडं बाहेर काढलं. भांडी घासायच्या साबणाचं पाणी करून कोपरे आणि सांधे जुन्या दात घासायच्या ब्रशनं घासले, बोटाला बुळबुळ लागेनाशी होईपर्यंत. मग भरपूर पाणी. मोरीची जाळी उचलून तिची खालची बाजूही घासली. ती बाजू कोणी बघतच नाही.

त्यानंतर ब्लीच. बाजारात द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट मिळतं, बाटलीवर साधारण 4 टक्के असं लिहिलेलं असतं. त्यातलं 50 मिलीलिटर, म्हणजे चहाचा लहान कप अर्धा, एक लिटर गार पाण्यात घातलं. गरम पाणी घ्यायचं नाही, त्यानं ब्लीचचा जोर जातो आणि वाफा उठतात. हे पाणी लावून दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. उभ्या कोपऱ्यात ते टिकत नाही, ओघळून जातं. तिथे कापसाच्या लांब वाती वळून, त्या पाण्यात भिजवून कोपऱ्याला चिकटवल्या. मग पुन्हा धुवून टाकलं, नळांवरून तर नक्कीच, नाहीतर धातूवर डाग पडतात. उरलेलं पाणी दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये, ताजंच करावं. कोरडी ब्लीचिंग पावडर वापरणाऱ्यांनी एवढं पाहावं की पुडा फोडून बरेच दिवस झालेल्या पावडरीचा जोर उतरलेला असतो.

इथे एक गोष्ट फार जपून ऐका. ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र येऊ द्यायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो. व्हिनेगर किंवा लिंबूही ब्लीचबरोबर नको, अमोनिया असलेलं काच पुसायचं औषधही नको. वहिनींच्या घरी आदल्या रविवारचं ॲसिड होतं, म्हणून आम्ही आधी दोन दिवस नुसत्या पाण्यानं धुवायला लावलं होतं. काम करताना खिडकी-दार उघडं, हातात रबरी मोजे. घशात खवखवायला लागलं तर काम तसंच टाकून बाहेर यायचं.

चौथ्या दिवशी वहिनींचा निरोप आला, दोन ठिकाणी पुन्हा दिसतंय. एक ब्रशच्या भांड्यात, दुसरं जाळीपाशी. भांड्याचं कारण सरळ होतं. ते उंच, बंद तळाचं होतं आणि ओल्या ब्रशांचं पाणी तळाला साचत होतं. तळाला भोकं असलेला उघडा स्टँड आणला आणि प्रश्न मिटला. जाळीचं कोडं मात्र पुन्हा बघायला गेल्यावर सुटलं. फरशी घासायचा ब्रश तिथेच, जाळीशेजारी ओला उभा असायचा. त्याच्या केसांच्या बुडाशी गुलाबी लगदा. म्हणजे ज्या ब्रशनं घासत होतो, तोच दर वेळी नवी पेरणी करत होता. नवा ब्रश आणला, आणि तो वापरून झाल्यावर बाल्कनीत उलटा टांगायचं ठरलं. अंग घासायच्या जाळीच्या चेंडूलाही हाच नियम लावला.

त्यानंतर रोजची शिस्त एवढीच: शेवटची अंघोळ झाली की फरशीवरून आणि भिंतीच्या खालच्या भागावरून वायपर फिरवायचा, दार उघडं ठेवायचं, पंखा असेल तर अर्धा तास चालू ठेवायचा. साबण जाळीच्या, पाणी निथळणाऱ्या दाणीत ठेवायचा. साबणदाणी आणि ब्रशचा स्टँड आठवड्यातून एकदा घासून, पालथे घालून कडक वाळवायचे. पावसाळ्यात आपोआप काहीच वाळत नाही, तेव्हा फडक्यानं पुसावंच लागतं. ओलावा नसला की या जिवाणूचं काही चालत नाही.

एवढं करूनही काही जागा हटत नाहीत. बेसिनच्या कडेची सिलिकॉनची पट्टी आतून रंगली असेल तर ती घासून जात नाही. कापून काढावी, जागा पूर्ण वाळू द्यावी आणि नवी भरावी. आणि डाग तांबूस-तपकिरी, कडक, बोटाला खरखरीत लागणारा असेल, तर तो पाण्यातल्या लोहाचा गंज आहे. त्याच्यावर ब्लीच घालू नका, डाग आणखी पक्का होतो.

तब्येतीचं म्हणाल, तर धडधाकट माणसाला या गुलाबी थरानं सहसा काही होत नाही. एकेकाळी याला अगदीच निरुपद्रवी समजत. इतका, की 1950 साली अमेरिकेच्या आरमारानं सॅन फ्रान्सिस्को शहरावर हा जिवाणू फवारून तो किती पसरतो ते पाहिलं होतं. आज रुग्णालयं त्याला चांगलीच ओळखून आहेत. लघवीची नळी लावलेले रुग्ण, उघड्या जखमा, नवजात बाळं, प्रतिकारशक्ती कमी झालेली माणसं, यांना त्याचा संसर्ग होऊ शकतो. डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स घालणाऱ्यांनी लेन्सची डबी न्हाणीघरात ठेवूच नये आणि ती नळाच्या पाण्यानं धुऊ नये.

आणि हात धुवायच्या द्रव साबणाची बाटली. ती अर्धी झाली की आपण वरून नवा साबण ओततो. हा जिवाणू साबणात आणि सौम्य जंतुनाशकांतही तग धरू शकतो, आणि अशा वारंवार भरलेल्या बाटल्यांतून तो सापडलेला आहे. बाटली पूर्ण संपू द्यावी, पंपासकट गरम पाण्यानं धुवावी, पालथी ठेवून वाळवावी, आणि मगच पुन्हा भरावी.