नदीचा ताळेबंद : बाजाराला न दिसणारा खर्च आणि प्रदूषणावरील कर

वरकुट्याहून उत्तरेस गेले की भीमेवरील उजनी जलाशयाचे पाणी लागते आणि दक्षिणेस गेले की नीरा लागते. नीरा नरसिंहपूर येथे या दोन नद्या एकमेकींस मिळतात. आपला इंदापूर तालुका असा दोन नद्यांच्या कुशीत वसलेला आहे. आमच्या वर्गात उसाच्या शेतकऱ्यांची मुले बसतात, कारखान्यातील कामगारांची बसतात आणि जलाशयावर मासेमारी करणाऱ्यांचीही बसतात. सहकारी साखर कारखानदारीचा इतिहास शिकवीत असताना मासेमारी करणाऱ्या घरातील एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, "सर, कारखान्याच्या वार्षिक अहवालात मेलेल्या माशांचा खर्च कोणत्या पानावर लिहितात?"

तो कोणत्याच पानावर लिहीत नाहीत. तो का लिहीत नाहीत आणि तो लिहावयास लावण्याचा मार्ग कोणता, हे या लेखात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

कारखान्याच्या ताळेबंदात उसाचे बिल असते, कामगारांचे वेतन असते, बँकेचे व्याज असते. ज्यांना हे पैसे मिळतात ते ते मागतात, म्हणून त्यांची नोंद होते. नदी बिल पाठवीत नाही. तिच्या काठी राहणाऱ्यांचे नुकसान खरे असले, तरी ते करणाऱ्याच्या वहीत येत नाही. व्यवहार दोघांचा आणि झळ तिसऱ्याला, अशा परिणामास अर्थशास्त्रात बाह्यता म्हणतात. झळ हानीची असेल तर ती ऋण बाह्यता होय. बाजारात वस्तूची किंमत ठरते ती उत्पादकाने स्वतः भरलेल्या खर्चावरून. इतरांवर पडलेला खर्च त्यात मिळविला तर समाजाचा खरा खर्च कळतो. हे दोन आकडे जेथे वेगळे पडतात, तेथे वस्तू स्वस्त दिसते आणि तिच्यासोबत घाणही गरजेपेक्षा अधिक निर्माण होते. यात कोणी दुष्ट असावा लागत नाही. प्रत्येक जण आपापला हिशेब चोख ठेवीत असतानाच हे घडते.

केम्ब्रिज विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात कल्याणाचे अर्थशास्त्र मांडताना या दोन खर्चांतील तफावतीवर भर दिला. त्यांच्या विचारातून पुढे आलेला उपाय साधा आहे : जेवढी हानी इतरांवर पडते, तेवढा कर हानी करणाऱ्यावर बसवावा. मग नदीचे बिल आपोआप त्याच्या वहीत येते.

हे प्रत्यक्षात कसे घडेल, ते आपल्याच परिसरातील उद्योगावरून पाहू. उसाच्या रसातून साखर काढल्यावर जी काळी, दाट मळी उरते, ती आंबवून आसवनीत, म्हणजे डिस्टिलरीत, अल्कोहोल काढतात. त्यानंतर जे गरम, गडद तपकिरी सांडपाणी उरते, त्यास स्पेंटवॉश म्हणतात. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना साधारणपणे ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश निघतो. त्यातील सेंद्रिय द्रव्ये पाण्यात कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातात. ही भूक बीओडी या मापाने मोजतात. स्पेंटवॉशचा बीओडी दर लिटरला ४५,००० मिलिग्रॅमच्या आसपास असतो. उलट, नदीच्या स्वच्छ पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन दर लिटरला जेमतेम ८ मिलिग्रॅम असतो. म्हणजे एक लिटर स्पेंटवॉश पूर्ण कुजण्यास साडेपाच हजार लिटर स्वच्छ पाण्यातील ऑक्सिजन लागतो. असे पाणी नदीत मिसळले की पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड वासतात. पाणवनस्पती रात्री ऑक्सिजन बनवीत नाहीत, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. जाणत्या मासेमाराला ही खूण कोणत्याही प्रयोगशाळेच्या आधी कळते.

आता एक कल्पित आसवनी घेऊ. ती दिवसाला ३०,००० लिटर अल्कोहोल काढते आणि तिच्यातून ३ लाख लिटर स्पेंटवॉश निघतो. त्यात १३,५०० किलो बीओडी असतो. एका माणसाच्या दिवसभराच्या मैलापाण्यात सुमारे ५० ग्रॅम बीओडी धरला, तर ही घाण २ लाख ७० हजार माणसांच्या शहराइतकी झाली.

ती कमी करण्याचे टप्पे आहेत. पहिला टप्पा बायोगॅस संयंत्राचा. बंद टाकीत जिवाणू बहुतांश सेंद्रिय द्रव्य खातात आणि मिळणारा वायू बॉयलरमध्ये जाळता येतो. दुसरा टप्पा उरलेले पाणी आटवून ते प्रेसमडमध्ये मिसळण्याचा आणि त्याचे खत करण्याचा. तिसरा टप्पा शेवटचा अंश काढण्याचा. प्रत्येक पुढचा किलो मागच्यापेक्षा महाग पडतो. समजण्यासाठी पुढील दर आम्ही धरून चाललो आहोत : पहिले ११,५०० किलो काढण्यास किलोला ३ रुपये, पुढचे १,८०० किलो काढण्यास २० रुपये आणि अखेरचे २०० किलो काढण्यास ६० रुपये. नदीत गेलेल्या प्रत्येक किलोने काठच्या लोकांचे ३० रुपयांचे नुकसान होते, असेही धरू.

कर नसेल तर आसवनीचा खर्च शून्य आणि काठच्या लोकांचे नुकसान रोज ४ लाख ५ हजार रुपये. आता किलोला ३० रुपये कर बसवा. पहिल्या टप्प्यात ३० वाचविण्यास ३ रुपये लागतात, दुसऱ्यात २० लागतात. हे दोन्ही टप्पे व्यवस्थापक कोणी न सांगता उभारील. त्यावर ३४,५०० आणि ३६,००० रुपये खर्च होतील. शेवटच्या २०० किलोंसाठी तो ६० ऐवजी ३० रुपये भरणे पसंत करील, म्हणजे ६,००० रुपये कर. एकूण ७६,५०० रुपये. ज्या घाणीपोटी समाज रोज ४ लाख ५ हजारांचा तोटा सोसत होता, तो प्रश्न ७६,५०० रुपयांत आटोक्यात आला. कोणते यंत्र बसवावे, हे सरकारला सांगावे लागले नाही. सरकारने केवळ किंमत सांगितली. नवी यंत्रसामग्री असलेला कारखाना अधिक घाण काढील, जुना कमी काढील. एकाच मापाची सक्ती केली असती, तर ही मुभा राहिली नसती.

याच हिशेबातून दुसरी गोष्ट दिसते, आणि आमच्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. कराचा दर ३० ऐवजी २ रुपये ठेवला तर? पहिल्या टप्प्यालाही ३ रुपये लागतात. मग आसवनी रोज २७,००० रुपये कर भरील आणि सगळी घाण नदीत सोडील. तिजोरीत पैसे येतील, पण मासे मरतच राहतील. असा अपुरा कर म्हणजे घाण करण्याचा स्वस्त परवाना होय.

भारतात हे प्रत्यक्ष घडले. जल प्रदूषण प्रतिबंधक कायदा १९७४ साली आला आणि १९७७ साली जल उपकराचा कायदा झाला. उद्योग आणि स्थानिक संस्था यांनी वापरलेल्या पाण्यावर हा उपकर होता. २००३ च्या दुरुस्तीनंतरही सहज कुजणारी घाण निर्माण करणाऱ्या उद्योगाला हजार लिटरला १० पैसे आणि नियम न पाळल्यास २० पैसे द्यावे लागत. दिवसाला दहा लाख लिटर पाणी वापरणारा कारखाना नियम पाळून १०० रुपये भरी आणि नियम मोडून २०० रुपये. चूक दरापुरतीच नव्हती. कर पाण्याच्या वापरावर होता, घाणीवर नव्हता. सांडपाणी शुद्ध करणाऱ्यास २५ टक्के सवलत होती खरी, परंतु शंभर रुपयांतील पंचवीस वाचविण्यासाठी शुद्धीकरण संयंत्र कोण उभारील? २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, तेव्हा हा उपकर रद्द झाला.

नेदरलँड्सने १९७० च्या कायद्याने दुसरी वाट धरली. तेथे घाणीवरच आकार बसविला आणि त्याचे एकक ठेवले एका माणसाच्या दैनंदिन मैल्याइतकी घाण. मोठ्या उद्योगांचे सांडपाणी प्रत्यक्ष मोजले जाई, तर लहानांची घाण कोष्टकावरून ठरविली जाई. ज्याला कोष्टक अन्यायाचे वाटे, तो स्वखर्चाने मोजणी करून घेऊ शके. आकाराचा पैसा शुद्धीकरण केंद्रांवर खर्च होई, म्हणून केंद्रे वाढली तसा दरही वाढत गेला. पुढच्या दहा वर्षांत तेथील उद्योगांनी पाण्यात सोडलेली सेंद्रिय घाण निम्म्याहून खाली आली.

या उपायाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. जेथे थोडी घाणही मोठा घात करते, तेथे कराऐवजी बंदीच योग्य. मळीवर चालणाऱ्या आसवनीने स्पेंटवॉशचा थेंबही बाहेर सोडू नये, असा आपल्याकडे नियम आहे तो त्यामुळेच. पण बंदी असो वा कर, दोन्ही मोजणीवर उभे असतात. २०१४ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने साखर कारखाने व आसवन्यांसह अतिप्रदूषक उद्योगांना सांडपाण्यावर सतत नजर ठेवणारी यंत्रे बसविण्यास सांगितले. यंत्र मात्र त्याच्या नळातून गेलेले पाणीच मोजते. पावसाळ्याच्या पहिल्या पुरात रात्री बाजूने सोडलेले पाणी त्याला दिसत नाही.

यावर एक साधा पडताळा आहे. अल्कोहोलच्या प्रत्येक लिटरची नोंद राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे असते, कारण त्यावर शासनाचा महसूल अवलंबून असतो. त्या लिटरांवरून किती स्पेंटवॉश निघाला असेल हे काढता येते, आणि किती खत झाले, किती पाणी आटविले, किती साठवण टाकीत आहे, याच्याशी ते ताडून पाहता येते. बेरीज जुळली नाही, तर उरलेले पाणी कोठे गेले हा प्रश्न उभा राहतो. शासनाने ज्यावर कर घेतला, ते लिटरागणिक मोजले. नदीत काय गेले यावर तसा कर नाही, म्हणून ते तितक्या काटेकोरपणे कोणी मोजलेही नाही.

उजनीत येणारी घाण एकट्या कारखान्यांची नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे शुद्ध न झालेले मैलापाणी मुळा, मुठा, पवना आणि इंद्रायणीतून भीमेत उतरते. महापालिकेवर कर बसविला तर तो अखेर नागरिकच भरतील. तो पैसा शुद्धीकरणाशी बांधला नाही, तर शहर कर भरून मोकळे होईल आणि जलपर्णी तशीच फोफावेल.

शेवटची मर्यादा न्यायाची आहे. कर घाण कमी करतो, पण ज्याचे जाळे रिकामे आले, त्याला आपोआप काही देत नाही. आमच्या उदाहरणातील ते ६,००० रुपये शासनाकडे जातात. त्यांतून काठच्या माणसाची भरपाई व्हावी की नाही, हे अर्थशास्त्राचे सूत्र ठरवीत नाही, लोकप्रतिनिधी आणि कायदा ठरवितात. म्हणून कोणी प्रदूषणावर कर बसविण्याची भाषा करील, तेव्हा त्यास तीन प्रश्न विचारावेत : कर पाण्यावर आहे की घाणीवर, दर शुद्धीकरणाच्या खर्चाहून अधिक आहे की कमी, आणि जमा झालेला पैसा कोणाकडे जाणार?

आमच्या त्या विद्यार्थ्याचा प्रश्न अर्थशास्त्रातल्या मोठ्या प्रश्नांपैकी एक होता, हे त्याला ठाऊक नव्हते. मेलेल्या माशांचा खर्च आज त्याच्या वडिलांच्या वहीत लिहिला जातो. तो ज्याच्या वहीत असावयास हवा तेथे नेणे, एवढेच या कराचे काम आहे.