लोकवर्गणीतून कलाकृती (भाग 6) : अडीच मिनिटांत खरं काय सांगायचं?

मागच्या भागात आपण वर्गणीदाराला बदल्यात काय द्यायचं ते पाहिलं. आज मोहिमेच्या व्हिडिओची संहिता. बहुतेक मोहिमा इथेच घसरतात. कॅमेरा सुरू झाला की माणूस जिंकायला बोलू लागतो आणि 'नक्की', 'लवकरच', 'भव्य' असे शब्द तोंडात येतात. पैसे देणाऱ्याला यातून काहीच कळत नाही. म्हणून एकच उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ.

समजा, दोडामार्ग तालुक्यातल्या तिघा तरुणांना दशावतारावर अर्ध्या तासाचा माहितीपट करायचा आहे. इथे याला दहीकाला म्हणतात. ज्यांनी हा रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत रंगणारा खेळ देवळासमोर बसून पाहिला आहे, त्यांना यात नेमकं काय टिपायला हवं ते लगेच कळेल. देवळाच्या मागच्या बाजूला एका दिव्याखाली पेटाऱ्यातून आरसा काढून कलाकार स्वतःचा रंग स्वतःच लावतो. मघाशी विडी ओढणारा माणूस अर्ध्या तासात नऊवारी नेसून द्रौपदी होतो. हातात लिहिलेली संहिता नसते. आज कुठलं आख्यान लावायचं आणि कोणी कोणती भूमिका करायची एवढं ठरतं, बाकी संवाद रंगमंचावर उभे राहून सुचतात. सकाळ झाली की ते शब्द गेले. माहितीपट करायचा तो या जाणाऱ्या शब्दांसाठी. हे एकदा लक्षात आलं की व्हिडिओत काय सांगायचं आणि कशाची भीती कबूल करायची, दोन्ही आपोआप ठरतं.

पहिल्यांदा आकडा. या तिघांनी हिशेब मांडला : आठ रात्रींचा कॅमेरा आणि आवाज 1,12,000, कलाकारांचं मानधन 60,000, प्रवास आणि जेवणखाण 40,000, संकलन, ध्वनिमिश्रण आणि उपशीर्षकं 1,00,000, हार्डडिस्क 18,000 आणि राखीव 30,000. एकूण 3,60,000 रुपये हातात हवेत. संकेतस्थळाचं शुल्क आणि पैसे वळते करण्याचा खर्च मिळून 10 टक्के धरला, वर्गणीदारांना पाठवायच्या वस्तू आणि टपाल यांना आणखी 10 टक्के. इथे बहुतेक जण 3,60,000 मध्ये 20 टक्के मिळवून 4,32,000 मागतात. पण कपात होते ती जमलेल्या रकमेवर. 4,32,000 चे 20 टक्के 86,400 गेले की उरतात 3,45,600, म्हणजे 14,400 कमी. हे 14,400 बहुधा कलाकारांच्या मानधनातून कापले जातात, कारण बाकी सगळे आगाऊ मागतात. बरोबर हिशेब म्हणजे 3,60,000 भागिले 0.80, म्हणजे 4,50,000. प्रत्येक टक्का आपल्या संकेतस्थळाच्या दरपत्रकातून घ्यावा आणि शुल्कावरचा जीएसटी विसरू नये.

व्हिडिओत ही सगळी यादी वाचायची नाही. लोकांना शंभर रुपयांचं गणित पटकन समजतं. 4,50,000 ला शंभर मानलं तर 25 रुपये कॅमेरा आणि आवाजाला जातात, 22 संकलनाला, 13 कलाकारांना, 13 प्रवास आणि हार्डडिस्कला, 7 राखीव आणि 20 शुल्क नि भेटवस्तूंना. 'तुमच्या शंभरातले वीस रुपये पडद्यावर दिसणार नाहीत' हे वाक्य संहितेत असलंच पाहिजे. ते ऐकून कोणी पळत नाही. ते नंतर कळलं तर मात्र माणूस दुखावतो.

आता वेळापत्रक. दशावताराचं वर्ष कार्तिकात, जत्रा सुरू झाल्या की लागतं आणि पावसाळ्याच्या तोंडावर संपतं. म्हणून मोहीम चतुर्थीच्या सुमारास उघडावी. चाकरमानी गावात असतात, तिघांना त्यांच्या घरी जाऊन बोलता येतं. चाळीस दिवसांत ती बंद करावी, म्हणजे खात्यात पैसे येईपर्यंत जत्रा तोंडावर येतात. चित्रीकरण डिसेंबर ते मार्च, संकलन एप्रिलपासून. तिघांचा अंदाज आहे की जूनमध्ये माहितीपट तयार होईल. संहितेत जून लिहू नये. दोडामार्गात जूनला पाऊस कोसळतो, वीज जाते-येते आणि तेव्हा संगणकावर बसणारा माणूस रोज अर्धा दिवस गमावतो. ईथन मॉलिक या अभ्यासकाने 2014 साली किकस्टार्टरवरच्या प्रकल्पांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ज्या प्रकल्पांनी वस्तू देण्याचं कबूल केलं होतं, त्यातल्या तीन चतुर्थांशांहून जास्त प्रकल्पांनी ती ठरल्या वेळेनंतर दिली. हेतू वाईट असल्यामुळे नव्हे, सगळं सुरळीत झालं तर लागेल तेवढाच वेळ सांगितल्यामुळे उशीर होतो असं मला वाटतं. म्हणून तिघांनी दिवाळीची तारीख द्यावी आणि जूनची आशा मनात ठेवावी.

जोखमीवर मी जास्त वेळ घेणार आहे. किकस्टार्टरने सप्टेंबर 2012 मध्ये 'आम्ही दुकान नाही' असं जाहीर करून प्रत्येक प्रकल्पाला अडचणी आणि जोखीम लिहिणं बंधनकारक केलं. पुढे अनेकांनी तिथे 'आमच्याकडे अनुभवी चमू आहे, आम्ही प्रत्येक आव्हानावर मात करू' असं लिहायला सुरुवात केली. ही जोखीम नव्हे, जाहिरात. जोखीम लिहिल्यावर चार गोष्टी कळायला हव्यात : काय बिघडेल, ते आम्हाला कधी कळेल, तेव्हा काय करू आणि तरीही काय गमवावं लागेल.

या माहितीपटाची सगळ्यात मोठी जोखीम कॅमेऱ्यात नाही, आवाजात आहे. रंगमंचावर मायक्रोफोन टांगलेले, कर्णे फुटेस्तोवर लावलेले, मागे जनरेटर. पेटी आणि पखवाज संवादाला गिळून टाकतात. प्रेक्षकांत रेकॉर्डर ठेवून मिळवलेला आवाज ऐकताना तिथे बसलेल्याला सगळं कळतं, कारण त्याच्या डोळ्यांना ओठ दिसले होते. परक्याला कळत नाही. उपाय असा की ध्वनिक्षेपकवाल्याच्या मिक्सरमधून थेट वायर घ्यायची आणि पखवाजाजवळ वेगळा माइक ठेवायचा. खात्री करायची पद्धत सोपी आहे. एखाद्या खेळात दहा मिनिटं ध्वनिमुद्रण करायचं आणि त्या खेळाला न आलेल्या माणसाला कानाला हेडफोन लावून संवाद लिहून काढायला सांगायचं. निम्मी वाक्यं सुटली तर पद्धत चुकली. हे आठव्या रात्री कळलं तर काही उपयोग नाही. म्हणून ही चाचणी आधीच्या हंगामात, व्हिडिओ बनवण्यापूर्वीच करावी आणि निकाल संहितेत सांगावा.

दुसरी जोखीम अवकाळी पावसाची. तिसरी मंडळींची : कंपनी एका रात्री एका गावात तर दुसऱ्या रात्री दुसरीकडे असते. तिच्या मालकाची, कलाकारांची आणि देवस्थानच्या मानकऱ्यांची संमती आधी न घेता मोहीम उघडणं हीच फसवणूक आहे. पेटाऱ्याचं पूजन किंवा वेशभूषेचा एखादा क्षण टिपू नका असं ते म्हणू शकतात. तेही आधीच सांगावं.

आता संहितेची लांबी. माणूस मिनिटाला साधारण 110 ते 120 शब्द सावकाश बोलतो, म्हणून अडीच मिनिटांना पावणेतीनशे शब्द पुरे. प्रसंगाची दृश्यं नि मधले थांबे धरले तर त्याहून कमी. नमुना असा.

(दृश्य : आरशातला चेहरा. संगीत नाही, फक्त जनरेटरचा घरघराट. पंधरा सेकंद.)

"हे दोडामार्ग तालुक्यातलं एक देऊळ. रात्रीचे साडेअकरा वाजलेत. या कलाकाराला अजून माहीत नाही की तो आज काय बोलणार आहे. तो जे बोलेल ते लिहिलेलं नाही आणि उद्या पुन्हा तसंच बोलणार नाही.

आम्ही तिघं याच तालुक्यातले. यापूर्वी आम्ही दोन लघुपट केले आहेत, एवढा मोठा माहितीपट केलेला नाही. आम्हाला जत्रांच्या आठ रात्री टिपायच्या आहेत. त्यातून अर्ध्या तासाचा माहितीपट होईल आणि आठही रात्रींचं पूर्ण ध्वनिमुद्रण कंपनीच्या मालकांकडे राहील.

आम्हाला साडेचार लाख रुपये हवे आहेत. शंभरातले वीस रुपये शुल्क, टपाल आणि भेटवस्तूंना जातात, ते पडद्यावर दिसणार नाहीत. तेरा रुपये कलाकारांना जातात आणि ते पहिल्या रात्रीपासून मिळतील. चाळीस दिवसांत रक्कम पुरी झाली नाही तर तुमचे सगळे पैसे परत जातील, कारण कमी पैशांत आठ रात्री होत नाहीत.

काय बिघडू शकतं? एक, आवाज. आम्ही एका रात्री चाचणी घेतली, पहिली पद्धत फसली, दुसरी चालली. त्यासाठी राखीव पैसे ठेवलेत. दोन, अवकाळी पाऊस. आठपैकी सहा रात्री मिळाल्या तरी माहितीपट होईल, सहापेक्षा कमी मिळाल्या तर पुढच्या कार्तिकापर्यंत थांबू. तीन, देवळातले काही विधी आम्ही टिपणार नाही, तो आमचा शब्द आहे.

तुम्हाला माहितीपट पुढच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत पाहता येईल. उशीर झाला तर कारण आणि नवी तारीख तुम्हाला आम्हीच आधी कळवू. प्रत्येक महिन्याच्या पाच तारखेला, काही घडलं नाही तरी, दोन ओळी येतील."

(शेवट : पहाटेची दहीहंडी, दोन सेकंदांचं दृश्य. मग रक्कम आणि शेवटची तारीख.)

'पैसे परत जातील' हे वाक्य तेव्हाच म्हणावं, जेव्हा संकेतस्थळ 'पुरी रक्कम नाहीतर काहीच नाही' या पद्धतीचं असेल. जमेल तेवढी रक्कम हाती देणाऱ्या संकेतस्थळावर मोहीम असेल तर वाक्य बदलावं लागतं : तीन लाख आले तर किती रात्री, दोन लाख आले तर काय, हे सांगावं लागेल. सांगता येत नसेल तर ती पद्धत घेऊ नये.

एक सूचना सीमेजवळच्या लोकांसाठी. दोडामार्गाला गोवा लागून आहे आणि गोव्यातल्या अनेकांकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे. परकी नागरिकत्व घेतलेल्या माणसाकडून येणारं साहाय्य एफसीआरए कायद्याखाली परदेशी स्रोत ठरू शकतं, मग तो आपल्या शेजारच्या वाडीतला का असेना. म्हणून 'जगभरातून पाठवा' हे वाक्य सीएला विचारल्याशिवाय संहितेत घालू नये.

शेवटी, लोकवर्गणीतूनच झालेला 1976 चा 'मंथन' चित्रपट आठवा. विजय तेंडुलकरांची पटकथा, श्याम बेनेगलांचं दिग्दर्शन आणि गुजरातच्या दूध सहकारी संस्थांतल्या पाच लाख शेतकऱ्यांनी दिलेले प्रत्येकी दोन रुपये. तिथे व्हिडिओची गरज नव्हती, कारण रोज दूध घालायला जायची डेअरी समोर होती आणि प्रश्न विचारायला माणूस हजर होता. तुमच्या वर्गणीदाराला अशी डेअरी नाही. त्याच्या हाती तुमचे अडीच मिनिटांचे शब्दच आहेत.

म्हणून संहिता संकेतस्थळावर चढवण्यापूर्वी कंपनीच्या मालकाला आणि दोन कलाकारांना मोठ्याने वाचून दाखवा. 'हे असं होत नाही' असं ज्या वाक्याला ते म्हणतील, ते वाक्य काढून टाका. पुढच्या भागात उशीर झाल्यावर पाठवायचं पहिलं पत्र लिहू.