आधी तारीख विचारा

लग्नाच्या प्रदर्शनात मेकअप स्टुडिओच्या स्टॉलवर आलेल्या मुलीला बहुतेक ठिकाणी आधी बजेट विचारतात. खरं तर आधी तारीख विचारायला हवी. शालूवाला एका दिवसात पन्नास घरांना शालू विकेल. मेकअप आर्टिस्टला एका मुहूर्ताला एकच नवरी घेता येते. म्हणून स्टॉलच्या दर्शनी भागात तुळशीच्या लग्नापासून पुढच्या मुहूर्तांचं मोठं कॅलेंडर लावावं आणि भरलेल्या तारखांवर लाल टिकली चिकटवावी. आपल्या तारखेच्या आजूबाजूला टिकल्या दिसल्या की आई स्वतःच खुर्ची ओढून बसते.

हिशोब आधीच मांडावा. समजा भाडं, मांडणी, छपाई आणि मदतनीस मिळून दोन दिवसांना ४८ हजार लागले आणि एका नवरीमागे सामान, सहायक, प्रवास वजा जाता १२ हजार उरतात. म्हणजे चार बुकिंगना खर्च निघतो, नफा पाचव्यापासून. लकी ड्रॉच्या डब्यात नंबर शेकड्यांनी जमतात, पण त्यात लग्न झालेल्या मावश्याही असतात! त्यापेक्षा वहीत साठच नावं असोत, पण प्रत्येकापुढे तारीख, मुहूर्ताची वेळ, कार्यालय आणि हळद, सीमांतपूजन, रिसेप्शन यांपैकी काय काय हवं, ते लिहिलेलं असावं. तारीख ठरलेल्यांची पानं वेगळी, नुसतं बघायला आलेल्यांची वेगळी.

गर्दी थांबते ती अर्ध्या चेहऱ्याच्या डेमोपाशी. मॉडेल गव्हाळ किंवा सावळी घ्यावी. बायका आधी मान बघतात. चेहरा मानेपेक्षा पांढरा दिसला की पुढे सरकतात. हॉलचे दिवे डोक्यावरून येतात आणि डोळ्यांखाली काळोखी पाडतात, म्हणून चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना आपले पांढरे दिवे हवेत. लिपस्टिक थेट ओठांना न लावता स्पॅच्युलाने काढून घ्यावी. हे लोक बारकाईने बघतात.

बुकिंगची टोकन रक्कम घेतली की तिथेच पावती द्यावी. ट्रायलचे पैसे अंतिम बिलात वळते होणार का, तारीख बदलली तर टोकनचं काय, हे तिच्यावर लिहावं. वाद तिथेच होतात. वेळेचंही तसंच. मुहूर्त ११ चा असला तरी नवरी त्याआधी गौरीहराला बसते. नऊवारी, खोपा, मेकअप यांना तीन तास धरले, तर आर्टिस्ट सातच्या आत कार्यालयात हवी, आणि कार्यालय गावाबाहेर असेल तर प्रवासखर्च कोणाचा हेही तेव्हाच बोलून घ्यावं.

तारीख ठरलेल्यांना त्याच रात्री व्हॉट्सॲप करावं, तेही त्यांच्या तारखेचा उल्लेख करून. दोन दिवसांनी तीच मुलगी दुसऱ्या कुणाच्या ट्रायलला बसलेली असते.