एकरात चूड किती बसले?

भाताची लावणी उरकली की शेतकरी एकरी किती मजूर लागले ते तोंडपाठ सांगतो. एकरी किती चूड बसले, हे मात्र फारसे कोणी मोजत नाही. खरे तर हे गणित चौथीतल्या मुलालाही जमेल असे आहे.

एका चुडाच्या वाट्याला येणारी जागा म्हणजे दोन ओळींतले अंतर गुणिले ओळीतल्या दोन चुडांमधले अंतर. निमगरव्या आणि गरव्या जातींसाठी साधारण 20 बाय 15 सेंटीमीटर सांगतात, म्हणजे एका चुडाला 300 चौरस सेंटीमीटर. एक एकर म्हणजे सुमारे 4 कोटी 4 लाख 70 हजार चौरस सेंटीमीटर. भागाकार केला की एकरी जवळजवळ 1 लाख 35 हजार चूड येतात, गुंठ्याला सुमारे 3,370. हळव्या जाती लवकर निसवतात, त्यांना फुटवे काढायला वेळ कमी मिळतो. म्हणून त्या 15 बाय 15वर, दाट लावतात आणि चुडांची संख्या पावणेदोन लाखांच्या वर, एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास जाते.

आता खाचरात प्रत्यक्ष काय होते ते पाहू. लावणी अंगावर, म्हणजे उक्ती दिलेली असली की हात भरभर चालतात. दोरी नसेल तर 20चे 25 आणि 15चे 20 कधी झाले ते कळतही नाही. पाच सेंटीमीटर म्हणजे दोन-तीन बोटे, त्यात काय बिघडते, असे वाटते. पण अंतर दोन्ही बाजूंनी वाढले आहे आणि इथे गुणाकार आहे. चुडाची जागा 300 वरून 500 चौरस सेंटीमीटर झाली, एकरी चूड 81 हजारांवर आले. शंभरातले चाळीस गेले! यात लावणाऱ्या बायकांना दोष देण्यात अर्थ नाही. वाकून, पावसात, एकराच्या हिशेबाने मजुरी मिळणार असेल तर कोणीही असेच लावील. दोरी धरायला माणूस देणे हे मालकाचे काम.

चूड चाळीस टक्क्यांनी घटले म्हणून पीक तितकेच घटते, असे मात्र नाही. मोकळी जागा मिळाली की चूड जास्त फुटवे काढतो आणि बरीच तूट भरून काढतो. पण उशिरा आलेले फुटवे उशिरा निसवतात, त्यांच्या लोंब्या आखूड राहतात आणि कापणीच्या वेळी दाणे हिरवे किंवा पोचट निघतात. पाऊस लांबल्याने तरव्यातच वय झालेली रोपे लावली, तर ती फुटवे कमी काढतात, मग भरपाईही कमी. अशा वेळी अंतर वाढवणे नाही, थोडे कमी करणेच बरे.

चारसूत्री लागवडीत हिशेब जरा वेगळा होतो. तिथे दोरीवर 25 आणि 15 सेंटीमीटरच्या आलटून-पालटून खुणा असतात. चार चुडांचा लहान चौकोन आणि त्याच्या मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी. 25 आणि 15 मिळून 40, म्हणजे 40 बाय 40च्या जागेत चार चूड. सरासरी 20 बाय 20चीच पडते आणि एकरी सुमारे 1 लाख 1 हजार चूड येतात. चार चुडांना एक गोळी, म्हणून गोळ्या लागतील 25,300 च्या आसपास.

मोजायचे कसे? एक मीटरची चौकट टाकून आतले चूड मोजतात, पण कडेवरचा चूड आत धरायचा की बाहेर यात घोळ होतो. त्यापेक्षा टेप घ्यावी. ओळीतल्या पहिल्या चुडापासून अकराव्या चुडापर्यंत मोजावे, म्हणजे मधली दहा अंतरे मिळतात. दहावा धरलात तर अंतरे नऊच भरतात. ओळींचेही तसेच. समजा, ओळींची दहा अंतरे 230 आणि चुडांची 180 सेंटीमीटर भरली. सरासरी 23 बाय 18, म्हणजे 414 चौरस सेंटीमीटर. एकरी चूड सुमारे 97,750. हे खाचरात चार-पाच ठिकाणी करून सरासरी काढावी, कारण बांधाजवळ आणि मध्ये लावणी सारखी नसते. सातबाऱ्यावरच्या एकरात बांधही मोडतात, तेही वजा करा.

मोजणी लावणीनंतर आठ-दहा दिवसांत करावी. तेव्हा मेलेले आणि वाहून गेलेले चूड दिसतात आणि नांगी भरायला वेळही असतो. त्यासाठी रोपांच्या चार मुठी खाचराच्या कोपऱ्यात आधीच लावून ठेवा.