बोधचिन्ह-निष्कासन, चलच्चित्रातील

चित्रित झालेल्या दृश्यातील हालचाल करणाऱ्या व्यक्तीच्या शर्टावर छापलेले बोधचिन्ह, कापडाच्या चुण्या व घड्या कायम ठेवून, पुसून टाकण्याची क्रिया. चिन्हाच्या मालकाची परवानगी मिळाली नसेल, तर चित्रीकरणानंतर ही क्रिया करावी लागते. चिन्हावर कापडाच्या रंगाचे ठिगळ चढविल्यास ते स्थिर चित्रात एखादे वेळी खपून जाते. चलच्चित्रात मात्र व्यक्ती हलताच ठिगळ सपाट दिसते व कापडावरून घसरत असल्याचा भास होतो.

तत्त्व : चित्रातील प्रत्येक बिंदूची दीप्ती ही कापडाची परावर्तनक्षमता व त्यावर पडणारा प्रकाश यांचा गुणाकार असते. बोधचिन्ह हा परावर्तनक्षमतेतील बदल आहे, तर चुणी हा मुख्यत्वे प्रकाशातील बदल आहे. म्हणून चुण्या नव्याने रंगविण्याऐवजी मूळ चित्रातील प्रकाश तसाच ठेवून फक्त परावर्तनक्षमता बदलणे हा उत्तम मार्ग होय. प्रतिमेची अशा दोन घटकांत फोड करण्याची कल्पना हॅरी बॅरो व जे. मार्टिन टेनेनबॉम यांनी १९७८ मध्ये मांडली.

उदाहरणार्थ, करड्या शर्टाची परावर्तनक्षमता ०·४० व त्यावरील गडद चिन्हाची ०·१० आहे असे मानू. चुणीच्या माथ्यावर प्रकाश ०·८ व खोबणीत ०·२ असल्यास चिन्हाची दीप्ती तेथे अनुक्रमे ०·०८ व ०·०२ भरते. तिला ४ ने गुणले असता ०·३२ व ०·०८ ही मूल्ये मिळतात. कोऱ्या कापडाची मूल्ये हीच असती. गुणण्याऐवजी दोन्ही ठिकाणी ०·२४ मिळविले, तर माथा ०·३२ व खोबण ०·२६ होऊन चुणी जवळजवळ नाहीशी होते. बहुतेक फसलेल्या कामांतील सपाटपणाचे कारण हेच असते. हा गुणाकार प्रकाशाशी समप्रमाणात असलेल्या मूल्यांवरच करावा लागतो. कॅमेऱ्याने लॉगरिथमीय पद्धतीने नोंदलेली मूल्ये त्यासाठी आधी रूपांतरित करून घेतात.

कार्यपद्धती : चिन्ह पूर्ण व सुस्पष्ट दिसणारी एक चौकट संदर्भासाठी निवडून तीवर चिन्हाचा नकाशा तयार करतात. कापड वाकत असल्याने त्याचा मागोवा सपाट पृष्ठभाग गृहीत धरून घेता येत नाही. त्याकरिता शर्टावर लहान त्रिकोणांची जाळी बसवून तिचे प्रत्येक टोक चौकटीगणिक कापडाबरोबर हलविले जाते. मोका या संगणकप्रणालीत यासाठी साधन आहे. जाळीबरोबर वाकलेला नकाशा प्रत्येक चौकटीत चिन्हावर तंतोतंत बसला, म्हणजे वरील गुणक लावतात. दर सेकंदाला २४ चौकटी या गतीने पाच सेकंदांच्या दृश्यात अशा १२० चौकटी असतात. हात छातीसमोरून जात असेल, तर त्याची बाह्याकृती वेगळी काढून तो भाग क्रियेतून वगळतात. खोल घडीत चिन्हाचा भाग लपून पुन्हा उघडा पडल्यास जाळी चुकते. तेथून पुढे नवी संदर्भ चौकट घ्यावी लागते.

कडांचा प्रश्न : हालचालीमुळे चिन्हाची कड धूसर होते आणि तेथील बिंदूंत चिन्ह व कापड यांचे मिश्रण असते. निम्मे-निम्मे मिश्रण असलेल्या माथ्यावरील बिंदूची दीप्ती ०·२० असते. तिला ४ ने गुणल्यास ०·८० येऊन चिन्हाभोवती उजळ रेघ उमटते. दुरुस्त व मूळ चित्र निम्मे-निम्मे मिसळले तरी उत्तर ०·५० येते. त्यामुळे आधी परावर्तनक्षमतेचा नकाशाच तेवढाच धूसर करून मग गुणक काढतात. येथे ती ०·२५ होते, गुणक १·६ येतो आणि दीप्ती अपेक्षेप्रमाणे ०·३२ मिळते.

मर्यादा : गुणाकाराने चित्रातील कणीदारपणाही तितक्याच पटीने वाढतो. म्हणून तो आधी कमी करून शेवटी आजूबाजूच्या कापडाइतका पुन्हा मिसळतात. चिन्ह जवळजवळ काळे, म्हणजे ०·०२ परावर्तनक्षमतेचे असेल, तर २० पट गुणावे लागते व खोबणीतील तपशील कणांत हरवतो. अशा वेळी शेजारील कोऱ्या कापडाचा तुकडा जाळीवर बसवून आजूबाजूच्या चुण्यांच्या अनुरोधाने छाया द्यावी लागते. चकचकीत रबरी छपाईवर पडणारी झळाळी हा गुणाकाराचा भाग नसल्यामुळे ती वेगळी काढतात. जाड छपाईमुळे कापड ताठ होऊन घड्यांचा आकारच बदललेला असतो. चिन्ह गेले तरी हा ताठपणा गुणाकाराने जात नाही.

परीक्षण : काम स्थिर चौकटीवर न तपासता दृश्य मूळ गतीने पुनःपुन्हा चालवून तपासतात. दीप्ती कृत्रिमरीत्या वाढवून पाहिल्यास खोबणीतील दोष उघडे पडतात. एकच चुणी चिन्हाच्या जागेत शिरताना व बाहेर पडताना तिची रुंदी, गडदपणा व कणीदारपणा अखंड राहिल्यास निष्कासन साधले असे समजतात.