मापट्यावरच्या तीन रेघा

'आउटर वाइल्ड्स' हा खेळ २०१९ साली आला. त्यात तलवार नाही, बंदूक नाही, गोळा करायची नाणी नाहीत. एका चिमुकल्या ग्रहावरचा नवशिका अंतराळवीर मोडकंतोडकं यान घेऊन आपली सूर्यमाला बघायला निघतो आणि बरोबर २२ मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो. मग तो पुन्हा पहिल्या जागी जागा होतो. हाती उरतं ते फक्त आधीच्या फेरीत जे कळलं तेवढं. आणि कळतं ते बहुतेक भिंतींवरून. लाखो वर्षांपूर्वी या सूर्यमालेत नोमाई नावाचे लोक राहत होते. त्यांनी भिंतीभिंतींवर वळणदार वेटोळ्यांत लिहून ठेवलेलं आहे आणि खेळाडूजवळ ते वाचून दाखवणारं एक यंत्र आहे.

हा मजकूर केल्सी बीचम यांनी लिहिला. त्यात 'आम्ही नोमाई, फार पुढारलेले लोक होतो' असं कुठेही येत नाही. ते तरी कशाला लिहितील? आपण रोज आपल्या सहकाऱ्याला चिठ्ठी पाठवतो, तेव्हा आपल्या समाजाचा इतिहास सांगत बसत नाही. नोमाई एकमेकांना विचारतात की अमुक भाग का तापतो आहे, तमक्या प्रयोगाला आणखी वेळ हवा का, हे करणं बरोबर आहे का. एकाने लिहिलेल्या ओळीतून दुसऱ्याच्या उत्तराची फांदी फुटते, तिला तिसऱ्याची. कोण कोणाला खोडून काढतंय, कोण चेष्टा करतंय, हे त्या फांद्यांच्या मांडणीवरूनच उमगतं. एका लटकत्या शहरात मुलांची शाळा सापडते आणि तिथल्या लिखाणात सोलेनम नावाची मुलगी भेटते. पुढे कितीतरी दूर, वेगळ्याच जागी तेच नाव पुन्हा दिसतं. आता ती मोठी झालेली आहे आणि एका अवघड यात्रेला निघालेली आहे. मधल्या वर्षांबद्दल एक शब्द नाही, पण ती वर्षं गेली हे खेळाडूला आपोआप जाणवतं.

हरवलेल्या संस्कृतीबद्दल लिहिताना पहिला प्रश्न 'काय सांगायचं' हा नाहीच. 'हे कोणी, कोणासाठी, कशापायी लिहिलं' हा आहे. मजकूर खेळाडूला उद्देशून लिहिला की तो माहितीफलक होतो. त्या लोकांनी आपापसात लिहिलेला मजकूर मात्र खेळाडू चोरून वाचतो, आणि चोरून वाचलेल्यावर माणसाचा विश्वास पटकन बसतो.

(ज्यांना हा खेळ पुढेमागे खेळायचा आहे त्यांनी पुढचा परिच्छेद गाळावा. रहस्य एकदा कळलं की खेळात फारसं उरत नाही.)

सूर्याजवळ नोमाईंनी बांधलेलं एक केंद्र आहे. इतर ठिकाणच्या नोंदींवरून कळतं की त्यांना एका प्रचंड प्रयोगासाठी ऊर्जा हवी होती आणि ती मिळवायला ते सूर्यच फोडणार होते. दर २२ मिनिटांनी सूर्य फुटताना पाहणाऱ्या खेळाडूच्या मनात लगेच आरोपी ठरतो. मोठ्या प्रयासाने त्या केंद्रात पोचल्यावर तिथल्या नोंदी सांगतात की यंत्र चाललंच नाही. सूर्य फुटतोय तो त्याचं आयुष्य संपलं म्हणून. यात लेखिका कुठेही खोटं बोललेली नाही. प्रत्येक नोंद खरी होती, चुकीचा निष्कर्ष खेळाडूने स्वतः काढला होता, म्हणून तो कोसळतो तेव्हा फसवलं गेल्याची चीड येत नाही. नोमाई कसे संपले, हेही असंच कळतं. सूर्यमालेत एक नवा धूमकेतू आला, तो बघायला काही जण गेले, आत दाबाखाली काहीतरी भयंकर कोंडलेलं आहे असं त्यांच्या लक्षात आलं, कोणीतरी परत जाऊन सगळ्यांना सावध करायला हवं असं ठरलं. तिथे मजकूर थांबतो. ठिकठिकाणी पडलेले सांगाडे खेळाडूने आधीच पाहिलेले असतात. ते का पडले, हे वाक्य खेळात कुठेच लिहिलेलं नाही, आणि लिहायची गरजही नाही.

आता यातली कारागिरी. कादंबरीचा लेखक जाणतो की वाचक दुसऱ्या प्रकरणानंतर तिसरं वाचणार. खेळाच्या लेखकाला ती सोय नाही. कोणी धूमकेतूवर आधी जाईल, कोणी शाळेत, कोणी अर्ध्या भिंती न वाचताच पुढे सरकेल. म्हणून महत्त्वाची गोष्ट एकाच ठिकाणी ठेवून चालत नाही. टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिकाखेळांसाठी जस्टिन अलेक्झांडर यांनी 'तीन दुव्यांचा नियम' मांडला होता: खेळाडूने जो निष्कर्ष काढायला हवा, त्याच्यासाठी निदान तीन दुवे पेरा. एक नजरेतून सुटतो, दुसऱ्याचा अर्थ चुकीचा लागतो, तिसरा कामी येतो. 'आउटर वाइल्ड्स'ने त्यात भर घातली ती यानातल्या नोंदवहीची. वाचलेलं सारं तिच्यात दोनतीन ओळींत टिपलं जातं, कोणता धागा कुठे जातो हे रेघांनी दिसतं आणि एखाद्या जागी अजून काही बाकी असेल तर तसा इशाराही मिळतो. पण धाग्यांतून निघणारा अर्थ ती वही सांगत नाही.

भिंतीवर जागा भरपूर असते. वस्तूच्या वर्णनाला मात्र चौकटीत जेमतेम तीनचार वाक्यं मिळतात. या प्रकाराला प्रतिष्ठा मिळवून दिली २०११च्या 'डार्क सोल्स'ने. त्याचे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांनी सांगितलेलं आहे की लहानपणी ते आपल्याला पुरती न समजणारी पुस्तकं वाचत आणि न कळलेल्या जागा कल्पनेने भरत. त्यांच्या खेळातली कथा तशाच जागा सोडून सांगितलेली आहे, आणि तिचे तुकडे अंगठ्या, ढाली, चिलखतं यांच्या वर्णनांत विखुरलेले आहेत. एका अंगठीच्या वर्णनातून कळतं की सूर्यदेवाचा थोरला मुलगा युद्धदेव होता, काहीतरी मूर्खपणा करून बसला आणि त्याचं देवपण काढून इतिहासातून नाव पुसलं गेलं. दुसरीकडे एका वेदीवर भग्न पुतळा आहे. तो कोणाचा, यावर खेळाडू वर्षानुवर्षं वाद घालत राहिले. २०१६च्या तिसऱ्या भागात एक अनाम राजा आला, तेव्हा बहुतेकांची खात्री पटली. आपल्याकडे नाणेघाटातल्या सातवाहनकालीन लेण्यात याच्या उलट घडलेलं आहे. तिथे पुतळे गेले आणि वर ब्राह्मी लिपीत कोरलेली नावं राहिली. दोन्ही ठिकाणी बघणारा रिकाम्या जागेपाशीच थबकतो.

हे लिहितात कसं, ते एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. समजा आपल्या खेळात दलदलीत बुडालेलं एक शहर आहे. सर्वांत आधी लेखक खेळाडूला कधीच न दाखवायचा एक कागद तयार करतो, त्यात फक्त खरं काय घडलं ते असतं. शहर एका गोड्या तळ्यावर जगत होतं. तीन पिढ्यांत तळं खारट होत गेलं. पाण्याचं रेशन सुरू झालं. वरच्या आळीने आपली विहीर बंद करून घेतली. शेवटी बहुतेक लोक डोंगराकडे निघून गेले, काही मागे राहिले. त्यासमोर दुसरा रकाना: यातलं कोणाला काय माहीत होतं? पुजाऱ्याला तळं का बिघडलं ते ठाऊक नाही, तो देवीचा कोप म्हणणार. दुकानदाराला फक्त भाव ठाऊक आहेत. ज्या मुलाने गोडं तळं पाहिलंच नाही, त्याच्या लेखी पाणी खारटच असतं.

आता पाणी वाटायचं एक मापटं खेळाडूच्या हाती लागतं. पहिल्या खर्ड्यात हमखास असं काही उतरतं: 'प्राचीन आणि वैभवशाली जलनगरीतील मापटे. तळे खारट झाल्याने ही महान संस्कृती लयाला गेली.' यात सगळं सांगून झालं, म्हणून खेळाडूला करायला काही उरलं नाही. शिवाय 'प्राचीन' हा शब्द त्या लोकांचा नव्हे, आपला. दुसरा खर्डा बहुधा उलट्या बाजूला घसरतो: 'काळाच्या ओघात हरवलेल्या अश्रूंचे पात्र.' हे गूढ वाटतं खरं, पण त्यातून काहीच शोधता येत नाही. इशारा म्हणजे धुकं नव्हे. इशाऱ्याला बोट ठेवता येईल अशी वस्तू लागते. तिसरा खर्डा असा होऊ शकतो:

'पाणी वाटायचं मातीचं मापटं. आत तीन रेघा आहेत. वरच्या दोन्हींवर फुली मारलेली. तिसरी पार तळाशी, घाईघाईने कोरल्यासारखी वाकडी.'

पहिलं वाक्य वस्तू काय आहे ते सांगून टाकतं, कारण खेळाडू घाईत असतो आणि त्याला आधी उपयोग कळायला हवा. पुढची वाक्यं फक्त डोळ्यांना दिसणारं सांगतात. वाटा दोनदा घटला, हे गणित खेळाडू करतो. खारटपणाचा इथे उल्लेखही नाही, तो दुसरीकडे ठेवायचा. दुकानदाराच्या पाटीवर नुसतं 'पाणी उधार मिळणार नाही'. वरच्या आळीतल्या विहिरीच्या कट्ट्यावर दोराचे खोल घळ, पण तोंडावर आतून चिणलेली भिंत. मुलाच्या खेळण्याचं वर्णन: 'मातीची बोट. तळाला मिठाचे पांढरे थर, बोट करणाऱ्याने त्यांनाही रंगवून लाटा केल्या आहेत.' आणि देवळातली लांबलचक नोंद, जिच्यात पुजारी सगळा दोष वरच्या आळीच्या पापावर ढकलतो. ही नोंद चुकीची आहे, पण खोटी नाही. पुजाऱ्याला तसंच वाटत होतं. दोन नोंदी एकमेकींशी भांडत असतील तर दोघींमागची माणसं आणि त्यांचे हितसंबंध दिसले पाहिजेत. नाहीतर खेळाडूला वाटतं की लेखकच विसरला, आणि एकदा तसं वाटलं की पुढचा प्रत्येक खरा इशाराही त्याला चूकच वाटतो.

सर्वांत जास्त नुकसान नावांनी होतं. कागदावर आपण राजे, देवता, नद्या, पंथ सगळ्यांना नावं दिलेली असतात आणि ती वापरायचा मोह आवरत नाही. पण एका वर्णनात तीन अनोळखी नावं आली की वाचणारा पुढचं वाचतच नाही. एका नोंदीत एकच नवं नाव, आणि तेही पुन्हा कुठेतरी भेटणार असेल तरच. दुसरी चूक म्हणजे जे चित्रात दिसतंय तेच लिहिणं. मापट्याच्या चित्रात फुल्या स्पष्ट दिसत असतील तर ते वाक्य कापून त्या जागी मापट्याचा वास, वजन, आतला खरखरीतपणा द्यावा.

हे सगळं जमलं की नाही, ते लेखकाला स्वतः कळत नाही, कारण उत्तर त्याला आधीच ठाऊक असतं. म्हणून खेळ कधीच न पाहिलेल्या काही जणांना बसवायचं, मध्ये एक शब्द बोलायचा नाही आणि शेवटी एकच विचारायचं: इथे काय झालं असावं? सगळ्यांनी आपल्या कागदावरचीच वाक्यं परत म्हणून दाखवली तर आपण इशारा केला नाही, सांगून टाकलं. सगळ्यांनी खांदे उडवले तर दुवे एकमेकांपर्यंत पोचत नाहीत, आणि तेव्हा नवा मजकूर लिहिण्याआधी जुना कुठे ठेवलाय ते पाहावं. बऱ्याचदा मापटं आणि विहीर यांच्यात अर्ध्या तासाचं अंतर पडलेलं असतं, तोवर रेघा कोणाच्या लक्षात राहणार? पण एक जण म्हणाला की वरच्या आळीने पाणी चोरलं, दुसरा म्हणाला की चोरलं नाही, वाचवलं, आणि दोघांनीही आपलं म्हणणं चिणलेल्या विहिरीकडे बोट दाखवून सिद्ध करायला घेतलं, तर तिथे हात लावू नये. उरलेल्या वेळात औषधाच्या बाटल्या, दोरखंड, मशाली यांची वर्णनं तपासावीत आणि त्यांतला इतिहास काढून टाकावा. दहा वस्तूंतल्या आठ साध्याच असल्या, तर उरलेल्या दोन उचलताना खेळाडूचा हात थांबतो.